अडतीसचे त्र्याऐंशी

सीईटीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, पोरगं हुशार असणार. मी त्यांना दोन मिनिटं तसंच वाटू देतो. मला ती सवय जुनीच आहे. खरं असं की गुणपत्रकाचा कागद मी मंद्रूपच्या बाजारपेठेतल्या बसूअण्णाच्या ऑनलाइन सेंटरमधून छापून आणला, आप्पांनी तो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि त्यांना त्यावर एवढंच वाचता आलं: अडतीस. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांच्या काळी पस्तीसला पास व्हायचं आणि पस्तीसच्या वर तीन म्हणजे चांगलंच पास. "अडतीस! गडी पास झाला की गं!" असं ते गोठ्यातूनच आईला ओरडून सांगत सुटले. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग मला ते तोंड मिटायलाच बरं वाटलं. ती भाकरी करपली. त्या घरात भाकरी करपल्याचं मला आठवतं ते एवढं एकदाच.

आता ते अडतीस म्हणजे काय, ते सांगतो. सीईटीत मिळतात ते मार्क नसतात, ते पर्सेंटाइल असतं. म्हणजे तुम्ही शंभरातल्या किती जणांच्या पुढं आहात ते. माझं होतं अडतीस पूर्णांक आणि त्यापुढं सात आकड्यांची लांबलचक शेपटी. म्हणजे शंभरातली बासष्ट पोरं माझ्या पुढं आणि माझ्या मागं जेमतेम अडतीस. हे असं का झालं, त्याला दोन कारणं आणि दोन्ही माझीच. पेपर संगणकावर. पहिल्या दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्री, नंतरच्या दीड तासात बायोलॉजी. मी ठरवलं होतं, फिजिक्स शांतपणे करायचं, केमिस्ट्रीतलं जमेल ते टिपायचं आणि उरलेलं बायोलॉजी झाल्यावर निवांत परत येऊन सोडवायचं. दीड तास झाला, पडदा लुकलुकला, आणि केमिस्ट्री कायमची गेली. परतीची वाटच नव्हती. हे सूचनांमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ते पान मी वेळ वाचवायला न वाचता पुढं ढकललेलं. दुसरं कारण त्याहून थोर. 'नीट'ला उत्तर चुकलं की मार्क कापतात असं मी ऐकलेलं. सीईटीला कापत नाहीत. येत नसलं तरी काहीतरी टिचकवायचं असतं, आंधळेपणानं टिचकवलं तरी चारातलं एखादं लागतं. मी मात्र मोठ्या प्रामाणिकपणानं एक्केचाळीस प्रश्न कोरे सोडून आलो. आयुष्यात मी प्रामाणिकपणा दाखवला तो नेमका तिथं, जिथं कुणी मागितला नव्हता.

आमचं घर गावाच्या कडेला, सोलापूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत. चाळीस-बेचाळीस मेंढरं आणि सात शेरडं. सकाळ व्हायची ती कोकरांच्या ओरडण्यानं. आयांना चरायला सोडलं की मागं राहिलेली कोकरं असा काही कालवा करायची की अभ्यास करतोय असं सांगणंसुद्धा अवघड जायचं. मी अंगणात खाटेवर पुस्तक उघडं टाकून बसायचो. आई चुलीपुढं, ज्वारीच्या पिठाची थापथाप चालू. शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटली की तिचं तेल दगडाला लागायचं. त्यावर गरम भाकरीचा तुकडा फिरवून ती मला आधी द्यायची. "अभ्यासाचं प्वार हाय," म्हणायची. हुलग्याची शेंगोळी केली तर वाडग्यात मला दोन जास्त. अभ्यासाच्या नावावर दोन वर्षांत मी जेवढी शेंगोळी खाल्ली तेवढी केमिस्ट्री वाचली असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

मला औषधशास्त्राला जायचं होतं. बी.फार्म. का, तर गावातल्या मेडिकलवाल्याला आप्पा 'सायेब' म्हणायचे, एवढंच. आणि हे ज्यांना विचारायचं त्या एकच होत्या, सोनकांबळे मॅडम. दहावीपर्यंत त्यांनी आम्हाला गणित-विज्ञान शिकवलं, नंतर त्यांची बदली सोलापुरातल्या शाळेत झाली. मॅडमची एक पद्धत होती. तोंडी शंका विचारलेली त्यांना चालायची नाही. "लिहून आण," म्हणायच्या. "लिहिताना अर्धी शंका आपोआप फिटते. उरलेली मी फेडते." वर्गात प्रत्येकाची एक शंकावही असायची आणि तिच्यात त्या लाल शाईनं उत्तर लिहायच्या. गाव सोडताना त्यांनी फळ्यावर घरचा पत्ता लिहिला होता: शंका असली तर पत्र टाका, फोनवर विचारलेलं तुम्हीही विसरता आणि मीही. पोरं हसली होती. माझ्या मोबाइलमध्ये मॅडमचा नंबर होता. पण फोनवर माझ्या आवाजावरनंच त्यांनी ओळखलं असतं. तेव्हा पत्रच मलाही सोयीचं वाटलं. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे:

"आदरणीय मॅडम, सा.न.वि.वि. मी बिरू, दहावी ब. आपला आशीर्वाद आहे. पत्र लिहिण्यास कारण की, मी सीईटी पीसीबी ग्रुपमधून दिली होती, पण मी नापास झालो आहे. बारावीला एकसष्ट टक्के आहेत. बी.फार्म.ला जायची इच्छा आहे. घरी कुणाला यातलं माहीत नाही. तरी पुढं काय करावं, कोणते फॉर्म भरावेत, कोणती कागदपत्रं लागतील, हे कृपया कळवावे. मला पर्सेंटाइल"

इथं माझा पेन थांबला. दहावीला मी वर्गात पहिला होतो. निकालाच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांपुढं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या हाताखाली अडतीस काही केल्या लिहवेना. मी तीनाच्या जागी आठ लिहिला आणि आठाच्या जागी तीन. त्र्याऐंशी. पुढची सात आकड्यांची शेपटी मात्र गुणपत्रकात बघून जशीच्या तशी उतरवली. मनाला सांगितलं, सापडलं तर लिहिताना उलटसुलट झालं म्हणता येईल. खोटं बोलताना मी नेहमी अशी एक खिडकी उघडी ठेवतो. आजवर तिच्यातून एकदाही बाहेर पडता आलेलं नाही.

सातव्या दिवशी उत्तर आलं. पत्राची चार पानं, लाल शाईत. पहिलंच वाक्य: "बिरू, त्र्याऐंशीला नापास म्हणणारा तू मला भेटलेला पहिलाच. सीईटीत कुणी नापास होत नसतं. तिथं फक्त रांग असते आणि आपण रांगेत कुठं उभे आहोत तो आकडा असतो. तो शब्द खोडून टाक." मग पुढं सगळं नीट, शंकावहीत लिहायच्या तसं. आधी केंद्रीय प्रवेशाच्या संकेतस्थळावर नोंदणी. जात धनगर, म्हणजे भटक्या जमाती क, थोडक्यात भज-क, ती तिथं नीट निवडायची. जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. ते अकरावीतच कॉलेजमधून करून घेतलंय ना? नॉन-क्रीमी लेयरचा दाखला चालू आर्थिक वर्षात चालणारा हवा, जुना धरत नाहीत. अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही गुणपत्रकं. सगळं अपलोड केलं की सुविधा केंद्रवाले तपासतात, त्रुटी काढतात, ती त्याच मुदतीत भरायची. मग तात्पुरती गुणवत्ता यादी. नाव, जात, आकडा तपासून चूक असेल तर तक्रार तेव्हाच. मग अंतिम यादी. मग पर्यायांचा फॉर्म: कोणती कॉलेजं, कोणत्या क्रमानं. "शेकडो कॉलेजं टाकता येतात. आवडीचं वर, मिळण्याजोगं मध्ये, हमखास मिळेल ते खाली. वर मोठं कॉलेज टाकल्यानं खालचं हुकत नाही, हे पोरांना कळत नाही. पण खाली काहीच टाकलं नाही तर सगळंच हुकतं." शेवटी त्यांनी चौदा कॉलेजांची नावं कोडसकट लिहिली होती, क्रमवार, आणि खाली रेघ मारून: "ही यादी त्र्याऐंशीची आहे. शेवटची चार तुझ्या आकड्याला नक्की मिळतात. गुणपत्रकाची झेरॉक्स पाठव, म्हणजे मी एकदा पडताळते. यादी आकड्यावर असते, पोरा."

झेरॉक्स मी पाठवली नाही, हे सांगायला नकोच.

पर्यायांचा फॉर्म भरायला बसूअण्णाकडं गेलो. बसवराज त्याचं नाव, मूळचा अक्कलकोटकडचा, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलायचा आणि गावातल्या प्रत्येक पोराचा पासवर्ड त्याला पाठ. मी मॅडमच्या पत्राचं शेवटचं पान पुढं केलं. त्यानं पडद्यावरचा माझा आकडा बघितला, पान बघितलं, परत पडदा बघितला.

"बिऱ्या, हे कुणी लिवून दिलं?"

"मॅडमनी."

"अडतीसला ही कालेजं? अय्यो, ह्यातलं शेवटचं बी सत्तरच्या खाली येत न्हाई. मागच्या वर्साची कटाफ काडून दावू का? खाली धा-वीस लांबची टाक की. नांदेडकडची, बुलढाण्याकडची. तितं जागा रिकाम्या ऱ्हात्यात."

"मॅडमनी जे लिहिलंय तेच टाक."

"मॅडमला ठावं हाय का तुजं किती ते?"

"तू टाक की अण्णा, तुला काय करायचंय?"

त्यानं खांदे उडवले आणि चौदा कोड टाकून फॉर्म कायम केला. मला तेव्हा काय वाटत होतं हे मी नंतर पुष्कळदा शोधलं. मला वाटत होतं की मॅडमनी 'नक्की मिळतात' असं लिहिलंय, आणि मॅडमचं लाल शाईतलं कधी चुकलेलं नाही. ते कुठल्या आकड्याला लिहिलंय, हे मी जणू दुसऱ्या कुणाचं पत्र वाचल्यासारखं बाजूला सारलं होतं. आता मी चिंचोळीच्या कारखान्यात कामाला आहे; तिथं पहिल्या पाळीला खोक्यांवर चिकटपट्टी मारताना कधी कधी एखाद्या खोक्यावर चुकीचा शिक्का मारला जातो. आत माल बरोबर असतो, पण खोकं जातं भलतीकडंच. ते परत येईस्तोवर महिना जातो. तेव्हा मला बसूअण्णाची ती खुर्ची आठवते.

पहिल्या फेरीची यादी लागली. माझ्या नावापुढं एक ओळ: वाटप नाही. मी मॅडमना लिहिलं, "काहीतरी तांत्रिक अडचण दिसते." त्यांचं उलट टपाली उत्तर: "असं होणार नाही. तुझी भज-क लागली नसेल. उघडून बघ, जातीच्या रकान्यात काय दिसतं? आणि झेरॉक्स कुठाय?" जातीच्या रकान्यात भज-क ठळक दिसत होतं. मी लिहिलं, "दिसत नाही, मॅडम." पत्र पोहोचायला तीन दिवस, यायला तीन; तोवर दुसरी फेरी झाली. प्रत्येक फेरीला पर्याय नव्यानं भरायची मुभा असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही फेऱ्यांच्या वेळी बसूअण्णानं फोन करून विचारलं, "बदलायचं का रं?" आणि दोन्ही वेळा मी न्हाई म्हटलं. बदलायचं म्हणजे दुसरी यादी लागणार, ती मला मॅडमकडूनच हवी होती, आणि ती मागायची तर आकडा सांगायला हवा. घरात आप्पा रोज संध्याकाळी मेंढरं कोंडून आले की विचारायचे, "काय आलं का कालेजाचं?" "यील की," मी म्हणायचो. मग त्यांनी बाजारातून माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक आणली. होस्टेलला जायचं म्हणून. आईनं तिच्यात घोंगडं घडी करून ठेवलं आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्यांचा वास घरभर पसरला, जेवतानासुद्धा यायचा. तिसरी फेरी, म्हणजे शेवटची, तिचा फॉर्म एका मंगळवारी संध्याकाळी पाचला बंद झाला. मी त्या वेळी शेरडांमागं माळावर होतो. पाच वाजलेले मला कळले. मुद्दाम कळून घेतले.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. भोंग्यावर कुणीतरी लसणाचा भाव ओरडत होतं. मी दारात दाढीचा आरसा धरून मिशीची पाहणी करत बसलो होतो, तर आरशातच मॅडम दिसल्या. एसटीतून उतरून, धुळीतनं, छत्री मिटून काखेत धरलेली, हातात कागदांची पिशवी. शाळेतनं रजा काढून आल्या होत्या.

आप्पा एकदम उठून उभे राहिले. "या या मॅडम. अगं ए, मॅडम आल्यात. पानी आन. बसा हितं, घोंगड्यावर बसा."

मॅडम बसल्या. पाणी प्याल्या. मग माझ्याकडं न बघता आप्पांना म्हणाल्या, "दादा, दोन दिवस मी सुविधा केंद्रावर उभी होते. बिरूच्या अर्जात चूक झालीय असं त्याचं म्हणणं. ते म्हणतात, चूक काहीच नाही, जात बरोबर लागलीय. बाकी माहिती आम्ही तिऱ्हाइताला देत नाही. मला ते पटेना. म्हणून तक्रारीचा अर्जच लिहून आणलाय, त्याला गुणपत्रक जोडायचंय. गुणपत्रक आहे का घरात?"

"हाय की! असं कसं नसंल?" आप्पा आत गेले. मी म्हणालो, "मॅडम, ते बसूअण्णाकडं..." पण आप्पा ट्रंक उघडून बाहेर आलेसुद्धा. त्यांनी ते गुणपत्रक माझ्या नकळत लॅमिनेशन करून आणलं होतं. धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांनी ते मॅडमच्या हातात दिलं. "बगा. अडतीस पडलं. पस्तीसला पास आस्तंय, ह्यो तीन वर. आमच्या सात पिढ्यांत सीईटी पास झालेला ह्यो पयला."

मॅडम वाचत होत्या. एवढा वेळ वाचण्यासारखं त्या कागदावर काहीही नव्हतं. मग त्यांचं बोट शेपटीच्या सात आकड्यांवरून हळूहळू गेलं, एकेक आकडा तपासत. शेपटी खरी होती. माझ्या पत्रातलं तेवढंच खरं होतं, आणि त्यावरूनच त्यांना सगळं कळलं. हा लिहिताना चुकला नाही. यानं बघून, विचार करून लिहिलं.

"चांगलं आहे, दादा," मॅडम म्हणाल्या. आईनं आणलेलं ताक त्या पूर्ण प्याल्या. शेंगोळी खाऊन जा म्हणाली तर म्हणाल्या, गाडी चुकेल. मी सोडायला निघालो. बाजारातून जाताना त्या छत्री काखेत धरून सरळ पुढं चालत राहिल्या. मी मात्र बोलत होतो. "मॅडम, ते काय झालं, लिहिताना उलटसुलट..." असं काहीबाही. भोंग्यामुळं ऐकू येत नसावं अशी मला आशा होती.

थांब्यावर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मला वाटलं तक्रारीचा अर्ज. तो कागद म्हणजे एक यादी होती. बावीस नावं, लाल शाईत.

"दरवर्षी मी दोन याद्या करते," त्या म्हणाल्या. "एक वरच्यांची, एक खालच्यांची. भज-कला अडतीसवर यातली निदान सहा मिळतात. लांब आहेत, पण मिळतात. फेरीतून मिळालं तरच फीची माफी, तरच होस्टेल. पहिल्या फेरीला मिळालं असतं. दुसऱ्या फेरीला मिळालं असतं. काल पाच वाजेपर्यंत टाकलं असतंस तरी मिळालं असतं."

"आता मॅडम?"

"आता रिकाम्या जागा कॉलेजं आपल्या पातळीवर भरतात. तिथं फीची माफी नाही. जमेल तुझ्या आप्पांना?"

ते जमणारं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, आणि त्यांनी ते विचारलं ते मला तोंडानं म्हणायला लावायला. मी म्हणालो, "न्हाई."

"पुढच्या वर्षी परत देशील?"

"आप्पांना म्हाईत हाय की मी पास झालोय, मॅडम."

त्या हसल्या, म्हणजे ओठ हलले. "बिरू, तू मला विचारलंस पुढं काय करू. मी चार पानं लिहिली. ती तुझ्यासाठी नव्हतीच. त्र्याऐंशीवाला कुणी पोरगा होता, त्याच्यासाठी होती. तू तर मला अजून काही विचारलेलंच नाहीस."

"आता विचारतो की, मॅडम. अडतीस आहेत. पुढं काय करू?"

गाडी आली होती. मॅडमनी ती बावीस नावांची यादी घडी करून परत पिशवीत ठेवली. ती आता कुणाच्या उपयोगाची नव्हती, तरी नीट घडी करून ठेवली. पायरीवर चढता चढता म्हणाल्या, "आता मला माहीत नाही." रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या बाईला प्रत्येक शंकेचं उत्तर लिहिता यायचं, तिनं खरोखर माहीत नसल्यासारखं ते म्हटलं, आणि गाडी गेली.

घरी आलो तर आप्पा दारातच. "काय म्हणल्या मॅडम? कवा जायचं?"

'तांत्रिक अडचण' जिभेवर तयार होती. पण मला एकाएकी फार दमल्यासारखं झालं, आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसून आप्पांना पर्सेंटाइल समजावून सांगायला लागलो. आमच्या दोघांच्या आयुष्यातला गणिताचा तो एकच तास. म्हणलं, आप्पा, ते मार्क न्हाईत. शंभर पोरं रांगेत हुबी केली, तर बासष्ट माझ्या म्होरं हायत.

आप्पांनी मेंढरं मोजायची सवय असलेल्या माणसासारखा विचार केला. "आन मागं?"

"अडतीस."

"त्या मागच्या अडतिसातल्या कुणालाच कालेज मिळालं न्हाई व्हय?"

"मिळालं असंल की, काहींना."

"मग तू तर त्यांच्या म्होरं. तुला कसं न्हाई मिळालं?"

आई चुलीपुढून बघत होती. तव्यावर काही नव्हतं.

"मी मॅडमला आकडा खोटा लिवला, आप्पा."

आप्पांना बराच वेळ त्यातलं काही समजलं नाही. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथंच राहिला. मग ते म्हणाले, "पर मॅडमला कशाला? त्यास्नी तर विचारायचं हुतं."

ते आत गेले, ट्रंकेतलं घोंगडं काढलं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं.